गोळी घड्याळ लावून घ्या म्हणे!

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतलं प्रश्नोत्तर वाचलं. रात्री दुकान बंद करून जेवताना वाचलं आणि जेवण गेलं नाही, म्हणून आज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत काउंटरवरच लिहायला बसलोय, अक्षराला हसू नका.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी सगळं किती नीट लिहिलं होतं. पॅनिक अटॅकसाठी अल्प्राझोलम चालू आहे, दिवसातून तीनदा, काही महिने झाले, आणि आता पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की आधीच छातीत धडधड सुरू होते. त्यावर तुमच्या तज्ज्ञांचं उत्तर काय, तर घड्याळ लावून घ्या, एकही डोस चुकवू नका, आणि मधेच त्रास होतोय म्हणजे आजार अजून आटोक्यात आलेला नाही, डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घ्या. झालं. शेजारी हसऱ्या बाईचा आणि पाण्याच्या ग्लासचा फोटो.

साहेब, मी डॉक्टर नाही. विश्रामबागला मेडिकल दुकान आहे, फार्मसीचं शिक्षण झालंय आणि अर्धं आयुष्य काउंटरमागे गेलंय. पण त्या ताईंनी जे लिहिलंय तेच्या तेच माझ्या वहिनींनी भोगलंय, त्यामुळे ते उत्तर वाचून गप्प बसवेना.

वहिनी तासगावला असतात. पहिला अटॅक कोल्हापूरच्या एस.टी.त आला, घाम, हातापायाला मुंग्या, आता मरते असं वाटलं. दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलम 0.25 मिलिग्रॅम लिहून दिली, सकाळी 8, दुपारी 2, रात्री 9. पहिले काही आठवडे एकदम झकास. वहिनी एकट्या बाजारात जायला लागल्या, दादा म्हणाला बरं झालं बाबा एकदाचं. मग हळूहळू साडेबाराच्या सुमारास बेचैनी सुरू झाली. हात थरथरायचे, भांडं पडल्याचा आवाज सहन व्हायचा नाही. 2 ची गोळी घेतली की तासाभरात शांत. संध्याकाळी परत तेच. आणि पहाटे 5 ला दचकून जाग, काळीज धाडधाड. डॉक्टरांना सांगितलं तर 0.25 ची 0.5 झाली, वेळा त्याच. महिनाभर बरं वाटलं आणि पुन्हा गाडी मूळ पदावर. आता पुढची पायरी 1 मिलिग्रॅमची होती, तेव्हा दादाने मला फोन केला.

आता हे होतं कशाने ते तरी तुमच्या तज्ज्ञांनी सांगायचं होतं. अल्प्राझोलम चढते पटकन, तास-दोन तासांत रक्तात तिचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. मग उतरायला लागते. निम्मी व्हायला तरुण माणसात साधारण 11 तास, वयस्करांत 16 च्या आसपास, पण माणसाला जाणवणारा आराम त्याच्या बराच आधी ओसरतो. रोज रोज, न चुकता, दिवसभर ही गोळी मेंदूला मिळत राहिली की मेंदू तिच्या हिशोबाने स्वतःला जुळवून घेतो. शांत करणारी जी आपली आतली यंत्रणा आहे, गाबा म्हणतात ती, तिची दाद कमी होते आणि चेतवणारी बाजू जोर धरते. गोळी अंगात आहे तोवर समतोल. गोळी उतरायला लागली की ती चेतवणारी बाजू मोकळी सुटते, आणि पुढच्या डोसच्या आधीचे ते दोन तास माणूस चक्क छोट्या विड्रॉवलमध्ये असतो. त्यालाच दोन डोसमधली अस्वस्थता म्हणतात, इंटरडोस अँग्झायटी. म्हणजे 2 ची गोळी घेऊन वहिनींना जो आराम पडायचा तो आजारावरचा इलाज कमी आणि सकाळच्या 8 च्या गोळीने लावून ठेवलेला त्रास निस्तरणं जास्त. सावकाराचं व्याज फेडल्यासारखं, मुद्दल तिथंच. आणि डोस वाढवला की काही दिवस भागतं, मग मेंदू त्यालाही सरावतो.

हे माझ्या मनचं नाही. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलंय की पॅनिकच्या पेशंटना पहाटेची आणि दोन डोसच्या मधली घबराट होते, आणि तेव्हा एकूण मात्रा न वाढवता तीच जास्त वेळांत वाटून द्यावी. अमेरिकेत 2020 साली अल्प्राझोलम ज्यात मोडते त्या बेन्झोडायझेपिन नावाच्या सगळ्या गटाच्या औषधांवर अवलंबित्वाचा ठळक इशारा छापायला लावला, त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतसुद्धा असं होऊ शकतं हे आलंच. वहिनींनी कधी एक गोळी जास्त खाल्ली नाही हो. सांगितलं तितकंच आणि सांगितलं तेव्हाच, घड्याळ बघून.

मग हा आजार परत आलाय की गोळी उतरतेय हे ओळखायचं कसं? मी वहिनींना एवढंच म्हटलं, दुधाचा हिशोब लिहिता त्याच कॅलेंडरवर त्रास सुरू झाला की वेळ लिहा आणि गोळी घेतली की तीही वेळ लिहा. मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यात काय लिहायचं, दिवसभर होतंय की." पण लिहिलं. आणि ते पान बघितल्यावर दादालासुद्धा कळलं. खऱ्या पॅनिक अटॅकला वेळकाळ नसतो, तो एस.टी.त येतो, लग्नात येतो, झोपेतही येतो. इथे मात्र साडेबारा, साडेसात, पहाटे 5, साडेबारा, साडेसात, पहाटे 5, रांगेत. त्यात एके दिवशी शेजारच्या लग्नाला जायचं म्हणून दुपारची गोळी 2 ऐवजी 12 लाच घेतली होती, तर त्या दिवशी संध्याकाळचा त्रास साडेसातऐवजी 6 च्या आतच हजर! आजार काय लग्नाचा मुहूर्त बघून वेळ बदलतो काय? शिवाय हाताची थरथर, आवाज सहन न होणं, हे सुरुवातीच्या अटॅकमध्ये कधीच नव्हतं.

ते कॅलेंडरचं पान घेऊन मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गोळी वाढवली नाही आणि बंदही केली नाही. दिवसाची 1.5 मिलिग्रॅमच ठेवली, फक्त चार वेळांत वाटली, सकाळी 7 ला 0.5, दुपारी 12 ला 0.25, संध्याकाळी 5 ला 0.25 आणि रात्री साडेदहाला 0.5. चढउतार कमी झाला तसा मधला त्रास निम्म्यावर आला. सोबत एसिटालोप्रॅम नावाची दुसरी गोळी 5 मिलिग्रॅमपासून सुरू करून 10 वर नेली, कारण पॅनिकचा मुख्य इलाज तो, फक्त त्याला गुण यायला काही आठवडे लागतात आणि अल्प्राझोलमचं खरं काम तेवढा मधला काळ निभावून नेणं. समुपदेशनही सुरू केलं, त्यात अटॅक आल्यावर पळून न जाता तो ओसरेपर्यंत थांबायची सवय लावतात. मग अल्प्राझोलम दर काही आठवड्यांनी 0.25 ने कमी, शेवटी शेवटी अर्ध्या गोळीने, कारण शेवटचा टप्पाच जास्त जड जातो. एकदा घाई झाली तर डॉक्टरांनी मागच्या पायरीवरच महिनाभर थांबवलं. काहींना ते जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर, क्लोनाझेपाम किंवा डायझेपामवर, नेऊन मग कमी करतात, वहिनींना तशी गरज पडली नाही. आज अल्प्राझोलम बंद आहे, एसिटालोप्रॅम चालू आहे, आणि कोल्हापूरला एस.टी.नेच जातात.

आता तुमचे तज्ज्ञ म्हणतील, मग काय वाटेल तेव्हा घ्यायची का? तसंही मी म्हणत नाही. अटॅक साधारण 10 मिनिटांत शिगेला जातो आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात ओसरायला लागतो, गोळीला काम सुरू करायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. मग आपोआप जाणाऱ्या अटॅकचं श्रेय गोळीला मिळतं आणि माणूस पाकीट खिशात असल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. तीही एक बेडीच. घड्याळ लावण्यामागे कारण आहे हे मला मान्य, चढउतार कमी व्हावा हाच हेतू. पण घड्याळ लावताना ते कधी थांबवायचं ही तारीखही पहिल्याच चिठ्ठीवर हवी. दोन ते चार आठवड्यांसाठीची गोष्ट महिनोन् महिने चालली की वक्तशीरपणाच अंगाशी येतो. बीपीच्या गोळीचा नियम उचलून हिला लावू नका, एवढंच.

आणि कृपा करून हे पत्र छापलंत तर पुढची ओळ कापू नका: वाचून कुणीही ही गोळी एकदम बंद करायची नाही. रोज घेणाऱ्याने अचानक सोडली तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि हळूच. त्यात दारू तर अजिबात नको, श्वास मंदावतो. हे लिहितानाच एक काका पुरवणी हातात घेऊन आले, म्हणाले पेपरात डोस वाढवायला सांगितलाय, जुन्या चिठ्ठीवर 1 ची द्या. नाही दिली. रागावून गेले, आता पलीकडच्या गल्लीत मागत असतील.

यावरून आठवलं. त्याच अंकात पान 3 वर "मेडिकलवाल्यांकडून नशेच्या गोळ्यांची सर्रास विक्री" असा ढोल वाजवलाय. अहो, ही गोळी शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, गोळी किती दिली, सगळं वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते, रात्री शटर अर्धं ओढून आम्ही तेच करत बसतो. जो चोरून विकतो त्याला धरा, नाव छापा, पण पान 3 वर आम्हाला झोडपायचं आणि पुरवणीत लोकांना डोस वाढवायला सांगायचं, हे कसं काय?

दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच, त्याच जागेवर छापा. मागच्या वेळेसारखी "हरवले आहे"च्या खाली चार ओळींत नको.

आपला,
एक औषधविक्रेता, विश्रामबाग, सांगली

ता. क. : पुरवणी कालची असली तरी आमच्याकडे ती सकाळी 11 नंतर येते, पेपरवाला म्हणतो गाडीच उशिरा सोडतात. तेवढं जरा बघा.