कयामतीच्या हिशेबात माणसाचे देणे

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत कयामतीवरचा लेख वाचला. सूर म्हणजे कर्णा फुंकला जाणे, माणसे कबरीतून उठणे, डोंगर पिंजलेल्या लोकरीसारखे होणे, हे सारे लेखकाने कुरआनला धरून लिहिले आहे. (माझे बालपण पिंजारघाटाजवळ गेले, त्यामुळे ही लोकरीची उपमा मला लहानपणीच कळली होती.) पण लेखाच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘पाच वेळची नमाज आणि रमजानचे रोजे सांभाळणाऱ्याला त्या दिवशी हिशेबाचे भय नसते.’ हे वाक्य चुकीचे आहे, आणि ते दुरुस्त व्हावे म्हणून हे पत्र.

नमाजचा हिशेब होतोच. बंद्याच्या अमलांपैकी, म्हणजे कर्मांपैकी, सर्वांत आधी नमाजचीच विचारणा होईल, असे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, आहे. पण तो अल्लाह आणि बंदा यांच्यातला मामला झाला. त्याला आमच्याकडे हुकूकुल्लाह म्हणतात. दुसरी बाजू हुकूकुल इबादची, म्हणजे माणसाचे माणसाकडे असलेले येणे. अल्लाह आपल्या हक्काबाबत ज्याला हवे त्याला माफ करू शकतो. माणसाचा हक्क मात्र त्या माणसाने सोडल्याशिवाय किंवा त्याला मिळाल्याशिवाय सुटत नाही, असे आमचे उलेमा सांगत आले आहेत. शहीदाचे सगळे गुनाह माफ होतात, पण कर्ज नाही, असे सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात स्पष्ट आहे. जिवावर उदार झालेल्याची ही गत, तर घरी बसून नमाज पढणाऱ्याला भय नाही असे कसे म्हणता येईल?

त्याच संग्रहात प्रेषितांचे सोबती हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेली एक रिवायत आहे. प्रेषितांनी सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण, माहीत आहे का? ते म्हणाले, ज्याच्याकडे ना दिरहम ना सामान, तो. बाजारात बसणारा कुणीही हेच उत्तर देईल. प्रेषित म्हणाले, माझ्या उम्मतमधला दिवाळखोर तो, जो कयामतीच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर खोटा आळ घेतलेला असेल, कुणाचा पैसा खाल्लेला असेल, कुणाचे रक्त सांडलेले असेल, कुणाला मारलेले असेल. मग याला त्याच्या नेकीतून दिले जाईल, त्याला त्याच्या नेकीतून दिले जाईल. देणे फिटण्याआधीच नेकी संपली, तर त्या लोकांचे गुनाह उचलून त्याच्या अंगावर टाकले जातील, आणि मग त्याला आगीत टाकले जाईल.

लक्षात घ्या, हा माणूस बेनमाजी नाही. नमाज, रोजे, जकात, तिन्ही त्याच्या जमेला आहेत. तरी तो बुडतो, कारण त्या दिवशी दिनार-दिरहम चालत नाही. कर्ज फेडायला हातात फक्त अमल उरतात, आणि ज्याचे खाल्ले तो अमलच मागून घेतो. बुखारीच्या हदीससंग्रहात याचाच दुसरा भाग आहे: ज्याने कुणाच्या अब्रूवर किंवा दुसऱ्या कशावर जुलूम केला असेल, त्याने आजच ते सोडवून घ्यावे, ज्या दिवशी दिनार-दिरहम नसेल त्या दिवसाच्या आधी.

यावर एक शंका येते. माझ्या मुलीनेही ती विचारली होती. कुरआनमध्ये तर आहे की कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. मग दुसऱ्याचे गुनाह याच्या अंगावर कसे? हा आक्षेप फार जुना आहे. त्यावर भाष्यकारांचे उत्तर असे की हे ओझे विनाकारण कुणाच्या डोक्यावर दिलेले नाही. ते त्याच्या स्वतःच्या जुलमाची भरपाई आहे. देण्यासारखे काही उरले नाही, म्हणून भरपाईने हे रूप घेतले. ज्याने कुणाचे काही घेतलेच नाही, त्याच्यावर कुणाचा गुनाह येत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. मी तीस वर्षे पंचवटीतल्या बाजारात आडतीच्या दुकानात कीर्द-खतावणी लिहिली. माझे वडील द्राक्षांचा किरकोळ व्यापार करायचे. बागेवर जाऊन सौदा ठरवायचा, काही रक्कम हातावर ठेवायची, बाकीची माल विकल्यावर. १९९८ साली त्यांचे निधन झाले. जनाजाच्या नमाजेआधी मोठ्या भावाने रिवाजाप्रमाणे उभे राहून सांगितले, ‘मरहूम के जिम्मे किसी का कुछ लेन-देन हो तो हमसे मिल लें, और कहा-सुना माफ कर दें.’ नाशिकमध्ये मुस्लिम शेजाऱ्याच्या मयतीला गेलेल्या अनेक वाचकांनी हे शब्द ऐकले असतील. कुणी पुढे आले नाही.

हे शब्द केवळ रीत म्हणून बोलले जात नाहीत. त्यामागे प्रेषितांच्या काळातला एक प्रसंग आहे. एक माणूस वारला आणि त्याच्या अंगावर दोन दिनारांचे कर्ज निघाले. ते ऐकून प्रेषित जनाजाची नमाज पढवण्यापासून मागे सरले आणि म्हणाले, तुमच्या सोबत्याची नमाज तुम्हीच पढा. तेव्हा अबू कतादा नावाचे सोबती म्हणाले, ते दोन दिनार माझ्यावर. मग त्यांनी नमाज पढवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अबू कतादांना विचारले, त्या दोन दिनारांचे काय झाले? ते म्हणाले, तो तर कालच वारला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, फेडले. प्रेषित म्हणाले, आता त्याच्या कातडीला थंडावा मिळाला. मला यातले ते दोनदा विचारणे महत्त्वाचे वाटते. जबाबदारी घेतल्याने नमाज झाली, पण मेलेल्याला आराम मिळाला तो पैसे प्रत्यक्ष पोचल्यावर.

चाळिसाव्यानंतर वडिलांची वही चाळताना १९९६च्या फेब्रुवारीतले एक पान निघाले. दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा माल, १,३४० किलो, ठरलेला भाव नऊ रुपये. खाली वडिलांच्या अक्षरात: ‘पाऊस, मणी तडकले, आठने दिले.’ आणि त्याखाली वेगळ्या शाईत: ‘१,३४० देणे.’ म्हणजे सौदा नऊचा झाला होता, तोडणीच्या वेळी बेमोसमी पाऊस पडला, आणि वडिलांनी किलोमागे एक रुपया कापला. व्यापारात हे सर्रास होते आणि शेतकरी मुकाट्याने घेतो, कारण माल झाडावर ठेवता येत नाही. मुकाट्याने घेतले म्हणजे राजीखुशीने सोडले असे होत नाही. वडिलांना ते नंतर कधीतरी टोचले असणार, म्हणून ती दुसरी शाई. पण ते द्यायचे राहून गेले.

भावाने मशिदीतल्या मौलानांना विचारले. पावती नाही, साक्षीदार नाही, आणि शेतकरी हिंदू. त्यांनी एक हदीस सांगितली. प्रेषित म्हणाले होते की मीही माणूस आहे. तुम्ही माझ्याकडे तंटे आणता, एखादा बोलण्यात दुसऱ्यापेक्षा चलाख असतो, आणि मी ऐकतो त्यावरून निवाडा देतो. पण मी कुणाला त्याच्या भावाचा हक्क तोडून दिला, तर मी त्याला आगीचा तुकडा तोडून देत आहे. खुद्द प्रेषितांच्या निवाड्याने दुसऱ्याचा पैसा हलाल होत नसेल, तर पावती नसल्याने कसा होईल? आणि धर्माबद्दल त्यांनी सांगितले, ज्याच्याशी शांततेचा करार आहे अशा गैरमुस्लिमावर जो अन्याय करील, किंवा त्याच्या मर्जीविना त्याचे काही घेईल, त्याच्याविरुद्ध कयामतीच्या दिवशी मी स्वतः उभा राहीन, असे प्रेषितांनी म्हटले आहे. अबू दाऊदच्या संग्रहात ही हदीस आहे. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारे कोण असणार, हे उघड होते.

आम्ही गेलो तेव्हा शेतकरीही वारले होते. येणे वारसांचे होते. ओसरीत त्यांचे दोन मुलगे बसले होते. भावाने वही उघडून दाखवली. थोरला म्हणाला, ‘चाचांनी आमचं कधी बुडवलं नाही, राहू द्या हो.’ भावाने सांगितले, तुमच्या धाकट्या भावाचाही यात वाटा आहे, आईचाही आहे, तुम्ही एकटे कसे सोडाल? तेव्हा त्याने आतून आईला बोलावले. ती बाई बराच वेळ वहीतल्या त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘त्या साली पोरीचं लग्न होतं. हे नऊच्या हिशेबानं खर्च धरून बसले होते.’ तिने पैसे घेतले, दोनदा मोजले आणि कनवटीला लावले. भावाने हात जोडून उशिराबद्दल माफी मागितली. तिने मान हलवली.

अशा कामात लोक कुठे चुकतात तेही सांगतो. काही जण ज्याचे येणे आहे त्याला शोधण्याआधीच तेवढी रक्कम मशिदीत देऊन मोकळे होतात. तो मार्ग शेवटचा आहे. मालक किंवा वारस कुणीच सापडत नसेल, तर त्याच्या नावाने सदका, म्हणजे दान, करायचा, आणि पुढे तो आलाच तर त्याला त्याचे पैसे द्यायचे. दुसरी चूक अशी की लोक फक्त पैशाचे पाहतात. दिवाळखोराच्या हदीसमध्ये पैशाआधी शिवी आणि खोटा आळ आला आहे.

वडिलांच्या वहीत नसलेली एक गोष्ट अम्मीने आम्हाला सांगितली. क्रेट आपटून माल सांडला म्हणून वडिलांनी एका हमालाला भर बाजारात सर्वांसमोर थोबाडीत मारली होती. पैशाचे देणे वारसांना देता येते, पण या गोष्टीची माफी ज्याला मारले त्याच्याकडेच मागावी लागते. कुरआन म्हणते, त्या दिवशी तोंडांवर मोहर लागेल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. अम्मी हे सांगताना स्वतःच्या तळहाताकडे पाहत होती. आम्ही बाजारात चौकशी केली. तो माणूस नांदगावकडचा होता एवढेच कळले. दोनदा जाऊन आलो, पण सापडला नाही. त्याच्यासाठी दुआ करतो, त्याच्या नावाने दरवर्षी काही देतो. त्याने माफ केले की नाही, हे त्याच दिवशी कळेल.

आपला,
एक वाचक, जुने नाशिक