१९९ रुपयांचं कोडं

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, पासबुकाचे फोटो मिळाले. दर महिन्याच्या ९ तारखेला १९९ रुपये जातात ते बँकेचे चार्जेस नाहीत. ते आईच्या योगासनांच्या अ‍ॅपचे आहेत. 'सात दिवस फुकट' म्हणून घेताना तुम्ही कार्डाचा नंबर आणि ओटीपी दिलात, तेव्हाच दर महिन्याला पैसे कापायची परवानगीही देऊन झाली. आईनं अ‍ॅप फेब्रुवारीत काढून टाकलं, पण त्यानं फक्त फोनमधली जागा मोकळी झाली, वर्गणी चालूच राहिली. अकरा महिन्यांचे २,१८९ रुपये झाले.

ओटीपीशिवाय पैसे गेलेच कसे, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. नियम असा, की परवानगी देताना एकदा ओटीपी लागतो. नंतर १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते त्याशिवाय कापले जातात. मात्र कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवावं लागतं. म्हणजे ७-८ तारखेला मेसेज येत असणार, आणि तुम्ही तो फसवणुकीचा समजून पुसत असणार. (दोष माझाच. अनोळखी मेसेज पुसा असं मीच बजावलं होतं.) आता पुसू नका, फक्त वाचा. त्यातल्या लिंकला मात्र हात लावू नका.

हे ७ तारखेच्या आत करा. आईच्या फोनवर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबा. तिथे `Payments & subscriptions` आणि मग `Subscriptions`. योगाचं नाव दिसलं की `Cancel subscription`. यादी रिकामी दिसली तर घाबरू नका. त्या फोनवर दादाचं जुनं ईमेल खातंही आहे. त्याच गोल चित्रावरून खातं बदलून पुन्हा पाहा. मला तर तिथेच असेल असं वाटतंय.

मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या विभागात स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ई-मँडेट शोधा आणि तिथली परवानगीही रद्द करा. इथे बँक ओटीपी मागेल. पैसे द्यायचे नसताना ओटीपी कशाला, असं वाटेल. पण परवानगी काढून घ्यायलाही तो लागतोच. तो त्या अ‍ॅपमध्येच टाका, फोनवर कुणालाही सांगू नका. काही सापडलं नाही तर सरळ शाखेत जा. नेटवरून कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथेच भामटे बसलेले असतात.

गेलेले पैसे यानं परत येणार नाहीत. कंपनीला मी ईमेल केलाय, पण आशा कमी. आई, तू स्वतःला बोल लावू नकोस, माझ्या कार्डावरही एक सिनेमाचं अ‍ॅप वर्षभर असंच चालू होतं.

१० तारखेला पासबुक भरून आणा आणि त्या पानाचा फोटो पाठवा.

तुमची,
मनू