विषय : चुकीच्या रिपोर्टवरून ब्लॉक केलेलं प्रोफाइल परत चालू करणेबाबत

तक्रार अधिकारी साहेब किंवा मॅडम, नमस्कार,

माझ्या धाकट्या भावाचं प्रोफाइल तुम्ही ब्लॉक केलंय. प्रोफाइल मी बनवलेलं आहे, मी त्याची मोठी बहीण, 'प्रोफाइल कोणी तयार केले' तिथं बहीण हेच निवडलंय, म्हणून अपील पण मीच करतीय. आयडी आणि रजिस्टर मोबाईल नंबर फॉर्मच्या वरच्या रकान्यात भरलाय. आम्ही कोल्हापूरचे, गाव करवीर तालुक्यात, भाऊ कामाला शहरात आणि शेती गावाकडं वडील बघतात.

तुमच्या मेलमध्ये नुसतं एवढंच आहे की 'खोटी माहिती दिल्याची तक्रार आल्याने प्रोफाइल बंद करण्यात आले आहे'. कुठली माहिती खोटी, वय, शिक्षण, पगार का आणि काय, एक शब्द नाही. आता माणसानं उत्तर द्यायचं तर कशाचं द्यायचं? चॅटबॉक्समध्ये विचारलं तर आधार अपलोड करा म्हणाले, केलं, मग 'ओळख पडताळणी पूर्ण' असा हिरवा टिक पण आला आणि प्रोफाइल मात्र बंदच. कारण उघड आहे, तक्रार ओळखीबद्दल नाहीच आहे तर आधारनं ती मिटणार कशी. आधारवर नाव, जन्मतारीख आणि पत्ता असतो, शेती किती आहे ते आधारवर नसतं.

तक्रार शेतीबद्दलच आहे हे मी अंदाजानं सांगत नाही, तुमच्याच साईटच्या मेसेजमध्ये आहे ते. ब्लॉक व्हायच्या आदल्या दिवशी एका स्थळाकडून मुलीच्या काकांचा मेसेज आला होता, त्यांनी लिहिलं की तुम्ही प्रोफाइलवर तीन एकर बागायत टाकलंय पण ऑनलाईन सातबाऱ्यावर १.२१ दिसतंय, म्हणजे सव्वा एकर सुद्धा नाही, लग्नाच्या बाबतीत असं फसवू नका. मी त्यांना सगळं समजावून लिहिलं, फोटो पण पाठवला, पण त्यांनी तो मेसेज उघडायच्या आत रिपोर्ट झाला होता वाटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिन केलं तर प्रोफाइल गायब. त्या काकांवर माझा राग नाही बरं का. मुलीकडच्यांनी चौकशी केलीच पाहिजे, आम्ही पण माझ्या लग्नात केलीच होती. आणि महाभूलेखवर गाव निवडून नावानं शोधलं की सातबारा कुणालाही बघता येतो, त्यात चोरून बघण्यासारखं पण काही नाही. चूक आकडा वाचण्यात झालीय, आणि तुमची चूक ही की तो आकडा दुसऱ्यांदा कुणी वाचलाच नाही.

तर आता तो आकडा नीट बघूया. आताच्या सातबाऱ्यावर एकर नसतो. शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं तीन कप्प्यांत लिहितात, मध्ये टिंब देऊन. आमच्या गटाचं क्षेत्र १.२१.०० आहे, म्हणजे १ हेक्टर, २१ आर, शून्य चौरस मीटर. उताऱ्यात डाव्या बाजूला 'क्षेत्राचे एकक हे.आर.चौ.मी' असं छापलेलंच असतं पण घाईत कुणाची नजर तिथं जात नाही, सगळे सरळ खाली आकड्यावर जातात, आणि शहरात वाढलेल्या माणसाला १.२१ दिसलं की तो सव्वा एकरच म्हणणार.

हिशोब असा आहे. एका हेक्टरात १०० आर, म्हणजे आमचे झाले १२१ आर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १२,१०० चौरस मीटर. आमच्याकडं बोलताना गुंठा बोलतात, गुंठा आरापेक्षा अगदी किंचित मोठा, १०१ चौरस मीटरच्या जरा वर, तर १२,१०० चौरस मीटरचे साधारण ११९.६ गुंठे होतात. एका एकरात ४० गुंठे, तीन एकराचे १२० गुंठे. म्हणजे तीन एकराला अर्धा गुंठा पण कमी नाही. एवढ्याला कोल्हापुरात काय, कुठंही माणूस तीन एकरच म्हणतो, दोन एकर साडे एकोणचाळीस गुंठे असं कोण प्रोफाइलवर लिहितं सांगा. तुमच्या फॉर्ममध्ये तर नुसता 'एकर' हाच पर्याय आहे, हेक्टर नाहीच, मग एकरातच भरणार ना.

सोपं करून सांगायचं तर उताऱ्यावरचा हेक्टरचा आकडा अडीचनं गुणला की जवळपास एकर निघतो. कुणाच्या उताऱ्यावर ०.४०.०० दिसलं तर ते अर्ध्या एकराच्या आतलं नाही, ते जवळजवळ पूर्ण एक एकर आहे. हे तुमच्या तपासणीच्या टीमला एकदा सांगून ठेवा, कारण सांगली-सातारा-कोल्हापूरकडची निम्मी प्रोफाइल शेतीवाल्यांची असणार आणि आज आमच्यावर आलेली वेळ उद्या दुसऱ्या कुणावर येणार. आमच्या भागात स्थळ बघताना पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा शेतीचा, शेती पाहिजे पण मुलगा शेती करणारा नको, ती गंमत वेगळीच, पण प्रश्न येतोच.

पेपर सोबत जोडलेत. महाभूलेखवर फुकट दिसतो तो उतारा फक्त माहितीसाठी असतो, तो नाही दिलेला, १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढलाय, त्यावर पडताळणी क्रमांक आहे तो टाकून तुम्ही स्वतः खात्री करू शकता, माझ्या शब्दावर जायची गरज नाही. त्याच्या जोडीला आठ-अ चा उतारा आहे. सातबारा एका गटाचा असतो, आठ-अ मध्ये त्या खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते येतं, आमच्या बाबतीत दोन्हीकडं १.२१.०० च आहे कारण गट एकच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते नाहीतर पुढच्या मेलमध्ये 'नाव जुळत नाही' म्हणून परत पाठवाल. जमीन वडिलांच्या नावावर आहे, वडील आहेत अजून, त्यामुळं भावाचं नाव उताऱ्यावर नाही आणि असायचं कारण पण नाही. प्रोफाइलवर आम्ही ती 'कौटुंबिक मालमत्ता' या रकान्यात टाकलीय, मुलाच्या स्वतःच्या मालमत्तेत नाही, तुमच्याकडं जुनं सेव्ह असेल तर उघडून बघा. भावाच्या आधारवर मधलं नाव वडिलांचं आहे, तेच नाव उताऱ्यावर भोगवटादार म्हणून आहे, आडनाव तेच, गाव तेच.

बागायत आहे का जिरायत यावर पण शंका असेल तर उताऱ्याच्या खालच्या पीकपाहणीच्या भागात ऊस लिहिलाय आणि साखर कारखान्याची मागच्या हंगामाची ऊस बिलाची पावती जोडलीय, दोन एकराच्या उसाचं ८५ टन वजन आहे त्यावर. सव्वा एकरात आमच्या वडिलांनी ८५ टन काढला असता तर पेपरवाले फोटो घ्यायला बांधावर आले असते.

आता ब्लॉकचा त्रास काय होतो ते तुम्हाला ऑफिसात बसून कळत नसेल म्हणून लिहिते. ज्यांच्याशी बोलणं चाललं होतं त्यांना आमचं प्रोफाइल उघडल्यावर 'हे प्रोफाइल उपलब्ध नाही' असं दिसतं. काहींना वाटतं जमलं वाटतं यांचं, ते शांतपणे पुढं जातात. पण गडहिंग्लजच्या एका घरानं आमच्या पाहुण्यांकडं विचारणा केली की त्या मुलाचं काही लफडं आहे का, साईटवरून काढून टाकलंय म्हणतात. पत्रिका जुळली होती, मुलगी बघायला जायचं ठरत होतं तिथं, आता आई रोज विचारते त्यांचा फोन आला का. दुसऱ्या नंबरवरून नवीन प्रोफाइल काढ असं सगळे सुचवतात पण मी काढणार नाही, एका माणसाची दोन प्रोफाइल तुमच्याच नियमात बसत नाहीत आणि मग खरोखरच खोटेपणाचा शिक्का बसायचा. आणि पैसे भरलेला प्लॅन आहे आमचा, त्याचे दिवस ब्लॉकमध्ये पण मोजले जातायत, हे कुठल्या हिशोबात बसतं ते तरी सांगा.

माझं म्हणणं असं नाही की रिपोर्ट आला तर दुर्लक्ष करा. फसवणारे असतात, लग्न झालेली माणसं अविवाहित म्हणून फिरतात, ती ताबडतोब बंद केलीच पाहिजेत. पण शेतीच्या आकड्यावर वाद असेल तर तेवढा एक रकाना झाकून ठेवा, 'पडताळणी चालू' असं लिहा आणि आमच्याकडून उतारा मागवा. अख्खं प्रोफाइल बंद करायचं आणि कशासाठी ते सांगायचं पण नाही, ही पद्धत बरोबर नाही.

तर प्रोफाइल त्याच आयडीवर, जुन्या फोटो आणि मेसेजसकट चालू करा, नवीन बनवायला सांगू नका कारण जुळलेल्या स्थळांशी झालेलं बोलणं त्यातच आहे. ब्लॉकमध्ये गेलेले दिवस प्लॅनला जोडून द्या. ज्यांना आमचं प्रोफाइल अनुपलब्ध दिसलं त्यांना ते तपासून परत चालू केलंय एवढं नोटिफिकेशन पाठवा. रिपोर्ट कुणी केला त्यांचं नाव मला नको, पण आकडा चुकून वाचला गेला हे त्यांना तुमच्याकडून कळवा, आमच्याकडून गेलं तर ते भांडण वाटेल. आणि हे सगळं नाकारायचं असेल तर नेमका कुठला रकाना खोटा आहे आणि कुठल्या कागदावरून तसं ठरवलं ते लेखी द्या.

लग्नाच्या साईटनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साईटवर ठेवावा असं सरकारनं २०१६ मध्येच सांगितलंय, तुमच्याकडं तो शोधायला मला पार खाली बारीक अक्षरात जावं लागलं. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं तक्रारीची पोच २४ तासांत मिळायला पाहिजे, ती द्या, 'आम्हाला लिहिल्याबद्दल धन्यवाद' वाला ऑटो रिप्लाय नको, तक्रार क्रमांकासकट द्या. तुमचा निर्णय पटला नाही तर त्यानंतर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाईन जाता येतं आणि प्लॅनच्या पैशाचं इथं जिल्हा ग्राहक आयोगात बघता येतं. तिथपर्यंत जायची हौस नाही मला, पाच मिनिटं उतारा बघितला तरी हे काम होणारं आहे.

फोन करणार असाल तर संध्याकाळी सहानंतर करा, दिवसभर मी बँकेत असते आणि काउंटरवर फोन घेता येत नाही. वडिलांना डायरेक्ट फोन करू नका, त्यांना ब्लॉकचं अजून सांगितलेलं नाही.

मुलाची बहीण,
कोल्हापूर

सोबत : डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, ऊस बिलाची पावती, भावाचं आधार आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट