बी-३०४ मधील दोन कासवे तळ्यात सोडण्याच्या निर्णयाबाबत (चौथे पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

विषय: रविवारी सकाळी सात वाजता कासवे तळ्यात सोडण्याचा कार्यक्रम थांबवण्याबाबत

महोदय,

माझ्या पहिल्या तीन पत्रांना उत्तर आलेले नाही. पहिले पत्र बी-३०४ च्या गॅलरीतल्या टबातून माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल होते, दुसरे त्याच पाण्याच्या वासाबद्दल आणि तिसरे पहिल्या दोन पत्रांबद्दल. उपविधींत इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही करू नये असे लिहिले आहे. आणखीही बरेच लिहिले आहे, पण सध्या एवढे पुरे.

काल रात्री ग्रुपवर सचिवांचा निरोप आला: ‘फोटो पाहिला, ही साधी पाळीव कासवे आहेत. तक्रार नको म्हणून रविवारी तळ्यात सोडू. मुलांनी यावे.’ माझ्या तक्रारीचा अखेर निकाल लागला याचे समाधान मानून मी झोपायला हवे होते. पण मी फोटो मोठा करून पाहिला आणि झोप उडाली. कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे काढली आहेत. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यापेक्षा बरणीत काय आहे ते पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही.

सचिवांनी पाहिला तो फोटो एका कासवाचा आहे. टबात कासवे दोन आहेत.

फोटोतल्या कासवाबद्दल सचिवांचे बरोबर आहे, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. फोटो बाजूने काढलेला आहे. डोळ्यामागून मानेकडे सरळ जाणारा जाड लाल पट्टा स्पष्ट दिसतो, मानेवर पिवळ्या रेघा आहेत, पाठ हिरवट आणि चपटी आहे. हा रेड-इअर्ड स्लायडर, मूळचा उत्तर अमेरिकेतला, जगभर पाळीव म्हणून विकला गेलेला. याच्यासाठी वन्यजीव कायदा आडवा येत नाही.

दुसऱ्याचा फोटो मला ३०४ च्या मुलाने वॉचमनच्या मोबाइलवरून दाखवला. मुलगा गुणी आहे, हे इथे नमूद करतो, म्हणजे माझा राग कोणावर आहे ते समजेल. हा फोटो वरून काढलेला आहे, फ्लॅश मारून, त्यामुळे पाठीवर पांढरा चट्टा आला आहे. तरी चार गोष्टी दिसतात. पाठ चपटी नाही, मध्यभागी घराच्या छपरासारखी उंच होत गेली आहे. त्या मधल्या कण्यावर पुढून तिसऱ्या तुकड्याला मागे वळलेले टोक आहे. कण्यावरून नारिंगी रेघ गेली आहे. तिसऱ्या तुकड्यामागचा चौथा तुकडा पुढच्या बाजूला बाटलीच्या मानेसारखा निमुळता होऊन तिसऱ्याला जेमतेम टेकतो. स्लायडरचे मधले तुकडे असे नसतात. लहान स्लायडरच्या पाठीवरही कणा थोडा वर आलेला असतो, हे खरे. पण तो सपाट होत जातो आणि त्याला असे टोक नसते.

आता डोके. ‘याच्याही डोळ्यामागे लाल आहे की, म्हणजे तेच कासव,’ असे सचिव लिफ्टमध्ये म्हणाले. घोटाळा नेमका इथेच होतो. दोघांच्याही डोळ्यामागे लालसर रंग असतो. स्लायडरचा पट्टा सरळ मागे जातो. या दुसऱ्याचा रंग डोळ्याखालून निघतो आणि चंद्रकोरीसारखा वळून डोक्याच्या माथ्याकडे चढतो. म्हणून वरून काढलेल्या फोटोतही माथ्यावर दोन नारिंगी कमानी दिसतात. वरून पाहून स्लायडरचा लाल पट्टा असा माथ्यावर दिसत नाही. शिवाय वयस्क नर स्लायडर काळसर पडला की त्याचा लाल पट्टा फिका होत जातो. तेव्हा ‘लाल आहे म्हणजे स्लायडर’ आणि ‘लाल नाही म्हणजे स्लायडर नाही’, हे दोन्ही नियम कुचकामी आहेत.

ही सगळी लक्षणे मिळून हे इंडियन रूफ्ड टर्टल असण्याची दाट शक्यता आहे. गंगा, सिंधू आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतले हे छोटे कासव पाळीव प्राण्यांच्या चोरट्या व्यापारात सर्रास येते आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याच रांगेत, ज्या रांगेत वाघ आहे. टब गॅलरीत असला तरी.

मी ‘शक्यता’ म्हणतो, ‘नक्की’ म्हणत नाही. या गटात जवळजवळ सारखी दिसणारी दुसरी कासवे आहेत आणि फ्लॅशने धुऊन निघालेल्या एका फोटोवरून त्यांतला फरक सांगणे माझ्याकडून होणार नाही. पण आपल्याला जे ठरवायचे आहे त्यासाठी तेवढ्या बारकाईची गरज नाही. हे स्लायडर नाही एवढे फोटोवरून कळते. स्लायडर नाही म्हटल्यावर ते घरात ठेवायचे नाही आणि हलवायचेही नाही, निर्णय वनखात्याचा. फोटोवरून परवानगी मिळत नाही, फार तर संशय मिटतो किंवा वाढतो. इथे वाढला आहे.

फोटो नीट हवे असतील तर त्याची पद्धत आहे. पहिला बरोबर वरून, पाठीचे सगळे तुकडे मोजता येतील असा. दुसरा जमिनीलगत मोबाइल धरून बाजूने, म्हणजे कण्याची उंची दिसेल. कालच्या वादातला निम्मा वाद याच एका फोटोने मिटला असता. तिसरा डोक्याचा, बाजूने, मान बाहेर येईपर्यंत थांबून. काडीने डिवचून नव्हे. पोटाकडचा फोटो हवाच असेल तर कवच दोन्ही बाजूंनी धरून काही सेकंदच उचलावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मात्र पोटावरून नवख्या माणसाने निकाल देऊ नये. स्लायडरच्याही पिवळ्या पोटावर काळे डाग असतात आणि याच्याही. फ्लॅश बंद, फिल्टर अजिबात नाही (ग्रुपवर आलेल्या फोटोला कोणी तरी चकाकी दिली आहे, कोणी ते मला माहीत आहे) आणि शेजारी पट्टी ठेवावी. आकारावरून जात ठरत नाही, पण वनखात्याच्या माणसाला उपयोग होतो. आणि हे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. कोणत्या घरात कोणते कासव आहे हे दोनशे लोकांना कळवण्याचे कारण नाही.

३०४ चे म्हणणे असे की कासव त्यांनी विकत घेतलेले नाही, पाहुण्यांनी दिले. कायद्याचे कलम ३९ पाहावे. असा वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो कोणत्याही मार्गाने ताब्यात आला, तरी ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. पाहुणे येऊन सात महिने झाले. तारीख मला पक्की आठवते, कारण माझी पांढरी चादर त्याच आठवड्यात खराब झाली. लेखी परवानगीशिवाय असा प्राणी जवळ ठेवता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही आणि वाहतूकही करता येत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. रविवारी जे करायचे ठरले आहे त्याला सचिव ‘भूतदया’ म्हणतात. पंधरा मुले, एक बादली आणि अध्यक्षांची गाडी. अधिकाऱ्याला त्यात वाहतूकच दिसेल, आणि गाडी आपली आहे, साहेब.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तळे हे उत्तर नव्हे. दुसरे कासव आपल्याकडचे नाहीच, उत्तरेतल्या नद्यांतले आहे. पहिले तर दुसऱ्या खंडातले. स्लायडर संरक्षित नाही म्हणून तळ्यात सोडावा, असा अर्थ कोणी काढू नये. जगातल्या सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत त्याचे नाव आहे. मोठी मादी जवळजवळ फूटभर वाढते आणि स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावते. त्याला सोडू नये, जबाबदारीने ठेवावे किंवा वनखात्याला विचारून योग्य ठिकाणी द्यावे. ठेवायचे असल्यास टबाखाली ताट ठेवून.

माझ्या भूमिकेला ए-विंगमधील किमान पाच कुटुंबांचा पाठिंबा आहे. नावे देऊ नका असे त्यांनी जिन्यात सांगितले आहे, म्हणून देत नाही. बी-विंगमधील एका ताईंनी तर ‘तुम्हीच लिहा, तुम्हाला वेळ असतो’ असे म्हटले.

माझ्याकडे १९९८ साली पोपट होता हा मुद्दा ३०४ उपस्थित करणार, याची मला कल्पना आहे. होय, होता. लाल कंठीचा, पिंजऱ्यात. तोही संरक्षित पक्षीच, हेही खरे. तेव्हा मला समज कमी होती आणि आता पोपट नाही. तो विषय इथे संपतो.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. रविवारचा कार्यक्रम आजच रद्द झाल्याचा निरोप ग्रुपवर जावा. समितीने किंवा ३०४ ने स्वतः वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून दोन्ही कासवांची माहिती द्यावी. स्वतःहून फोन करणे आणि तक्रारीनंतर दारात माणूस येणे यात फरक असतो, एवढे मी शेजारधर्म म्हणून सांगतो. अधिकारी येईपर्यंत दुसरे कासव आहे तिथेच राहू द्यावे, स्वच्छ पाणी आणि वर चढून कोरडे होता येईल असा दगड देऊन, आणि त्याला कोणी हाताळू नये. आणि टबाखाली ताट. ते मी पहिल्या पत्रापासून मागतो आहे.

उद्या दुपारपर्यंत फोन झाल्याचे कळले नाही तर तो मी करीन. रविवारी सकाळी साडेसहापासून मी गेटजवळ खुर्ची टाकून बसणार आहे. चहा आणू नये.

आपला,
बी-२०४

प्रत: सचिव, खजिनदार, सूचना फलक (यावेळी कृपया काढू नये)

ता. क. पत्र पूर्ण होता होता ३०४ च्या मुलाने बाजूने काढलेला फोटो आणून दाखवला, शेजारी शाळेची पट्टी ठेवून. कवच साडेअकरा सेंटिमीटर. तिसऱ्या तुकड्याचे टोक स्वच्छ दिसते आहे.