कमाल मर्यादेच्या कूपनावरील परताव्यात ९५ रुपये कमी मिळाल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘२० टक्के सवलत, कमाल ३०० रुपये’ या कूपनावर घेतलेल्या दोन वस्तूंपैकी एक परत केल्यावर कमी परतावा मिळाल्याबाबत.

महोदय,

मी आपल्या संकेतस्थळावरून १,६४० रुपयांचा प्रेशर कुकर आणि ७६० रुपयांची कढई एकाच ऑर्डरमध्ये मागवली होती. एकूण २,४०० रुपयांवर वरील कूपन लावून ३०० रुपये वजा झाले आणि मी २,१०० रुपये भरले. कढईचा काठ दबलेला निघाल्याने मी ती परत केली, आणि आपण ती तक्रारीविना स्वीकारलीही. परंतु परतावा मात्र ७६० ऐवजी ६६५ रुपयांचाच आला. राहिलेले ९५ रुपये म्हणजे ‘कढईच्या वाट्याला आलेली सवलत’ होय, असे आपल्या प्रतिनिधीने कळवले. हा हिशेब मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सविस्तर मांडते.

या कूपनात टक्केवारी आणि कमाल रक्कम अशा दोन अटी एकत्र आहेत, आणि त्यांपैकी कोणती लागू होईल हे खरेदीच्या रकमेवर ठरते. कमाल रकमेला टक्केवारीने भागले की ती सीमा मिळते : ३०० भागिले ०.२० म्हणजे १,५०० रुपये. खरेदी १,५०० रुपयांपर्यंत असेल तोवर प्रत्येक शंभर रुपयांमागे ग्राहकाचे वीस रुपये खरोखर वाचतात. त्यापुढे वाढवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांचे पूर्ण शंभर रुपये भरावे लागतात, कारण सवलत ३०० वरच थांबलेली असते. म्हणूनच माझ्या २,४०० रुपयांच्या ऑर्डरवर प्रत्यक्षात २० नव्हे, तर साडेबारा टक्केच सवलत मिळाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कमाल मर्यादा कूपनावर स्पष्ट लिहिलेली होती.

तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. कुकर एकटाच १,५०० च्या वर आहे. त्याचे २० टक्के ३२८ रुपये होतात, म्हणजे तो एकटा घेतला असता तरी पूर्ण ३०० रुपये सवलत मिळून मला १,३४० रुपये पडले असते. कार्टमध्ये आधी तेवढीच रक्कम दिसत होती. कढई टाकल्यावर ती २,१०० झाली, म्हणजे बरोबर ७६० रुपयांनी वाढली. कढईवर मला एक रुपयाचीही सवलत मिळाली नव्हती. मग ती परत करताना तिच्यावरची सवलत म्हणून ९५ रुपये कापून घेण्याला आधार कोणता? आज माझ्याकडे फक्त कुकर आहे आणि त्याचे मला १,४३५ रुपये पडले आहेत, तर हाच कुकर याच कूपनावर एकटा घेणाऱ्या ग्राहकाला १,३४० रुपयांत मिळतो.

बिलात सवलत वस्तूवार विभागून दाखवावी लागते, कारण प्रत्येक वस्तूवरील जीएसटी सवलत वजा जाता उरलेल्या किमतीवर आकारला जातो, हे मी जाणते. कुकरवर २०५ आणि कढईवर ९५ ही विभागणी किमतींच्या प्रमाणात असल्याने बिलापुरती योग्यच आहे. एकूण खरेदी १,५०० च्या आत असती, तर याच विभागणीने दिलेला परतावाही अचूक ठरला असता, कारण तिथे प्रत्येक वस्तूवर खरोखरच २० टक्के सुटलेले असतात. ऑर्डर ही सीमा ओलांडते तेव्हाच प्रमाणशीर विभागणी आणि प्रत्यक्ष वाचलेली रक्कम यांच्यात अंतर पडते, आणि ते अंतर प्रत्येक वेळी ग्राहकाच्याच खिशातून जाते.

न्याय्य रीत अशी आहे की, ग्राहकाकडे उरलेल्या वस्तूंवर तेच कूपन पुन्हा लावून जी रक्कम येईल, ती भरलेल्या रकमेतून वजा करावी आणि बाकी परत द्यावी. ही रीत मी केवळ माझ्या सोयीची म्हणून सुचवत नाही. मी कढई ठेवून कुकर परत केला असता, तर एकट्या कढईवर १५२ रुपये सवलत मिळून तिचे ६०८ रुपये झाले असते आणि मला १,४९२ रुपये परत मिळायला हवे होते. कुकरची पूर्ण किंमत १,६४० तेव्हा मी मागितली नसती. या कूपनाला किमान खरेदीची अट नव्हती, त्यामुळे सवलत मिळवण्यासाठी जास्त वस्तू मागवून नंतर परत करण्याचा प्रश्नही येथे उद्भवत नाही.

तरी माझे उरलेले ९५ रुपये ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जमा करावेत. तसेच कूपनाच्या अटींमध्ये ‘१,५०० रुपयांपर्यंतच्या खरेदीवर २० टक्के, त्यापुढे एकूण ३०० रुपये’ असे स्पष्ट लिहावे आणि काही वस्तू परत केल्यास परतावा कसा काढला जाईल, हेही तिथेच नमूद करावे. मला ही माहिती पैसे कापले गेल्यावर मिळाली.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. त्या मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. बिल, परताव्याची नोंद आणि प्रतिनिधीचे उत्तर यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
विश्रामबाग, सांगली