इमिडाझोलचा प्रोटॉन चुकीच्या नायट्रोजनवर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत हिस्टिडीन या अमिनो आम्लावर आलेला लेख वाचला. लेख सोपा आहे, पण सोबतच्या आकृतीत एक ढोबळ चूक आहे. हिस्टिडीनच्या बाजूच्या साखळीत इमिडाझोलचे कडे असते; त्यातल्या ज्या नायट्रोजनवर आधीच हायड्रोजन आहे, नेमक्या त्याच्यावरच नवा प्रोटॉन येऊन बसताना दाखवला आहे. टी.वाय.बी.एस्सी.च्या उत्तरपत्रिकांत ही चूक मी वर्षानुवर्षे तपासत आले. अमोनिया आणि अमाइन शिकलेल्या मुलांना एनएच दिसला की 'हाच बेस' असे वाटते.

इमिडाझोलचे कडे पाच अणूंचे असते: तीन कार्बन आणि दोन नायट्रोजन. हायड्रोजन असलेल्या नायट्रोजनला क्रमांक 1 देतात, नसलेल्याला 3. कडे ॲरोमॅटिक राहायला सहा पाय इलेक्ट्रॉन लागतात. तीन कार्बन आणि क्रमांक 3 हे प्रत्येकी एक देतात, उरलेले दोन क्रमांक 1 देतो. म्हणजे क्रमांक 1 ची इलेक्ट्रॉनांची जोडी आधीच कड्याच्या कामाला लागलेली असते. ती प्रोटॉनला द्यायची तर ॲरोमॅटिकपणा मोडावा लागेल, आणि तो सौदा फार महाग पडतो. क्रमांक 3 ची जोडी मात्र कड्याच्या प्रतलात, बाहेरच्या बाजूला मोकळी असते. प्रोटॉन तिथेच जातो.

तो गेल्यावरची गोष्ट मला जास्त आवडते. आता दोन्ही नायट्रोजनांवर एकेक हायड्रोजन असतो, धन भार दोघांत सारखा वाटला जातो, आणि 'प्रोटॉन कोणी घेतला' हे आयनाकडे बघून सांगता येत नाही. भार असा वाटला जात असल्यामुळेच इमिडाझोल पिरिडीनपेक्षा चांगला बेस आहे. बेसने प्रोटॉन घेतला की त्याचे संयुग्मी आम्ल होते, आणि त्याचा पीकेए जितका मोठा तितका बेस सबळ. पिरिडीनच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए 5.2, तर इमिडाझोलच्या संयुग्मी आम्लाचा जवळपास 7.

आम्लपणाचे काम क्रमांक 1 चे. त्याचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून निघाला की उरणारा ऋण भारही दोन्ही नायट्रोजनांत सारखा वाटला जातो. पायरोलमध्ये दुसरा नायट्रोजनच नाही, म्हणून त्याचा एनएच आणखी दुबळा आम्ल ठरतो. पण 'आम्लधर्मी' हा शब्द लेखात फार सैल वापरला आहे. इमिडाझोलच्या या हायड्रोजनचा पीकेए सुमारे 14.5 आहे. एक मोलर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातही जेमतेम पाव भाग रेणू प्रोटॉन सोडतील. साध्या पाण्यात हा आम्लपणा दिसतच नाही.

दोन कामे दोन वेगळ्या नायट्रोजनांची आहेत, याचा पुरावा मागणाऱ्या विद्यार्थ्याला 1-मिथाइलइमिडाझोल दाखवावे. क्रमांक 1 वरच्या हायड्रोजनच्या जागी मिथाइल बसवला की एनएचचा आम्लपणा संपतो, बेसपणा मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण क्रमांक 3 ला कोणी हात लावलेला नाही. आणखी एक गंमत म्हणजे मिथाइलवाला रेणू जड असूनही 198 अंशांना उकळतो, तर इमिडाझोल 256 अंशांना. एका रेणूच्या एनएचने शेजारच्या रेणूच्या क्रमांक 3 ला हायड्रोजन बंधाने धरून ठेवायचे, ही साखळी मिथाइलने तुटते.

'इमिडाझोल उदासीन सामूचा बफर आहे' हे वाक्यही अर्धेच आहे. नुसते इमिडाझोल पाण्यात 0.1 मोलर विरघळवले तर सामू 7 येत नाही, 10 च्या आसपास जातो. बेसचा केबी 10⁻⁷, त्याला 0.1 ने गुणून वर्गमूळ काढले की हायड्रॉक्साइड 10⁻⁴ मोलर निघतो. सामू 7 हवा असेल तर इमिडाझोलच्या निम्म्या मोलांइतके हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे लागते, म्हणजे निम्मे रेणू प्रोटॉन घेतलेले आणि निम्मे मोकळे राहतात. प्रथिने निकेलच्या कॉलमवरून उतरवायला इमिडाझोलचे द्रावण वापरतात. तिथे सामू न जुळवता ते ओतले, तर बफर कमी पडून कॉलममधला सामू एकदम वर चढू शकतो आणि नाजूक प्रथिन खराब होऊ शकते. मग लोक दोष कॉलमला देतात.

पुढच्या पुरवणीत सुधारित आकृती छापावी, ही विनंती. इलेक्ट्रॉनांचा बाण क्रमांक 3 च्या जोडीपासून निघून प्रोटॉनकडे जावा. सध्याच्या आकृतीत तो उलट, प्रोटॉनकडून नायट्रोजनकडे काढला आहे. तेही त्याच वेळी दुरुस्त करता येईल.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई