तुझे जन्मपान आणि या वर्षाचे पान

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातील प्रश्न अगदी नेमका आहे. 19 ऑगस्ट 1973 या तुझ्या जन्मतारखेवरून टॅरोचे जन्मपान काढताना एकदा 2 आणि एकदा 11 आले, तर खरे कोणते, असे तू विचारतोस. चूक तुझी नाही. बेरजेच्या दोन पद्धती आहेत. दिवस, महिना आणि वर्ष एकाखाली एक मांडून बेरीज केली, तर 19, 8 आणि 1973 मिळून 2000 होतात आणि त्यातील अंकांची बेरीज 2, म्हणजे हाय प्रीस्टेस येते. सगळे अंक सुटे करून मिळवले तर 38 येतात, त्याचे 11 आणि पुढे 2. आपल्याकडे भाग्यांक काढताना एका अंकापर्यंत जातात. येथे मात्र मेजर अर्काना ही टॅरोतील मुख्य पानांची मालिका 22 पानांची असल्यामुळे बेरीज 22 किंवा त्याहून कमी झाली की थांबतात, आणि 22 आले तर ते फूल हे पान मानतात. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत 11 चे पान हरवत नाही, तर 2 च्या जोडीला उभे राहते. मी पहिलीच पद्धत वापरतो, पण कोणतीही एक धरून तीच कायम ठेवावी. ही रीत प्राचीन वगैरे नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अँजेलिस एरियन आणि मेरी ग्रीर यांनी ती लोकप्रिय केली. शिवाय 11 म्हणजे कोणते पान, हे आधी तुझ्या संचात पाहा: रायडर-वेट संचात तेथे जस्टिस आहे, जुन्या मार्सेय संचात मात्र स्ट्रेंग्थ.

वर्षाच्या पानासाठी जन्मवर्षाच्या जागी चालू वर्ष घालायचे. 19, 8 आणि 2026 यांची बेरीज 2053, अंक मिळवून 10, म्हणजे व्हील ऑफ फॉर्च्यून. हे पान दरवर्षी एकेक पायरी चढते आणि मग एकदम घसरते: 2032 ला तुला 16, म्हणजे टॉवर, आणि 2033 ला 2060 ची बेरीज 8, म्हणजे स्ट्रेंग्थ. लोक अशा घसरणीत मोठा अर्थ शोधतात. मला ती केवळ हातच्याची करामत वाटते. जन्मवर्ष या हिशेबात येतच नसल्यामुळे 19 ऑगस्टला जन्मलेल्या प्रत्येकाचे यंदाचे पान हेच आहे. म्हणूनच भाकीत म्हणून मी ते वाचत नाही.

वाचन करताना व्हील उघडे करून मध्यभागी ठेव, उरलेली 77 पाने पिस आणि त्याभोवती वाढदिवसापासून बारा महिन्यांची बारा पाने मांड. (काही जण वर्ष 1 जानेवारीपासून धरतात.) प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचार: या महिन्यात काय माझ्या हातात आहे आणि काय चक्राबरोबर फिरते आहे? हाय प्रीस्टेस शेजारी ठेवलीस तर उत्तर देण्याची घाई न करण्याची आठवण राहील, जी तुझ्या स्वभावाला हवीच आहे! महिना सरला की त्याच्या पानाखाली दोन ओळी लिही, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती वही घेऊन ये.

तुझा,
श्रीधर